फोटोतून मंडला: मधे चिखल, काळे आरे आणि माळांच्या चांदण्या

चाफेकळी

भाच्याची मुंज आहे. स्टेजच्या मागच्या पडद्यावर लावायला तीन फुटी गोल मंडला करायचा घाट घातलाय. विकतचं डिझाइन नकोय. दादरच्या फुलबाजारात काढलेला एक फोटो आहे, त्यातूनच करायचंय. फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, आडवा. त्यात झेंडूच्या माळा उजवीकडून वरून डावीकडे खाली अशा तिरप्या ओढून टांगल्यात, खाली सुट्ट्या झेंडूचा ढीग आहे आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यात बल्ब.

गिम्प या फोटो एडिटरमध्ये ३० अंशांची फाक कापली. टोक वर आणि फाक खाली ढिगाकडे उघडणारी. तिची आरशातली प्रतिमा शेजारी जोडली आणि ती ६० अंशांची जोडी सहा वेळा फिरवली. गोल पूर्ण झाला, पण

– मधोमध नुसता तपकिरी चिखल दिसतो, फूल म्हणून काही ओळखू येत नाही.
– सायकलच्या चाकासारखे काळपट आरे आलेत. फोटोत तर कुठे काळं नाही.
– फाकांच्या सांध्यांवर केसाएवढ्या पांढऱ्या रेघा आहेत.
– माळांची छान गोल कडी होतील असं वाटलं होतं, झाल्यात टोकदार चांदण्या.

कुणी केलंय का हे?

---

जुगाडू

आरशाची भानगड कशाला? ४५ अंशांची फाक काप, आठ वेळा फिरव, संपला विषय. एकच लक्षात ठेव, पाकळ्या सम संख्येत हव्यात. चार, सहा, आठ. पाच पाकळ्यांचा मंडला जमतच नाही, शेवटची फाक पहिलीशी जुळत नाही. मी करून पाहिलंय.

---

मीनल_मावशी

मी नातवाच्या फोटोचा केला होता, फोनवरच्या ॲपमध्ये. बारा डोळे आणि मधे नाकांचं फूल! सूनबाई म्हणाली, आई, हे डिलीट करा आधी. तेव्हा फुलंच बरी गं.

---

काटकोन

मी कापडछपाईच्या डिझाइनमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुगाडू, तुमचं अर्धं बरोबर आहे. नुसती फिरवली तर फाकेची डावी कड शेजारच्या फाकेच्या उजव्या कडेला येऊन लागते. फोटोत या दोन जागा एकमेकींपासून लांब असतात, त्यामुळे एका बाजूला झेंडू आणि दुसऱ्या बाजूला पाटी अशी कापाकापी दिसते. आरशात तसं होत नाही. कडेवर जे आहे तेच पलीकडेही असतं, म्हणून सांधा आपोआप जुळतो. सम संख्येची अट आहे, पण ती फाकांना, पाकळ्यांना नाही. ७२ अंशांच्या पाच फाका आलटून पालटून उलटवल्या तर पाचवी आणि पहिली दोन्ही सुलट येतात आणि तिथे मंडला फाटतो. तुमचं तेच झालं असणार. ३६ अंशांच्या दहा फाका घ्या, पाच पाकळ्यांचा मंडला बिनतक्रार होतो.

आता चाफेकळी. चांदण्यांपासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. फाक निवडताना सगळे जण तिच्या पोटात काय आहे ते बघतात. मंडल्याचा आकार ठरतो तो तिच्या दोन कडांवर. पोटात अख्खं बसलेलं फूल बारा वेळा उमटतं, बाकी काही नाही. कडेने अर्धं कापलेलं फूल मात्र आपल्या प्रतिमेशी जुळून नवाच आकार घेतं, कधी पाकळी, कधी बदाम.

माळ कडेला कुठल्या कोनात छेदते ते बघा. ३० अंशांच्या फाकेतून एक सरळ माळ आडवी गेलीय असं समजा. ती फाकेच्या मधल्या रेषेला काटकोनात असेल तर दोन्ही कडांना ७५ अंशांत भेटते आणि पूर्ण गोलात बारा बाजूंचं कडं तयार होतं. तीन फुटांवर ते गोलच वाटतं. आता तीच माळ फक्त १५ अंश फिरवा, म्हणजे ती एका कडेला काटकोनात येईल. त्या कडेवर ती सरळ पुढे जाते, दुसऱ्या कडेवर मोडते, आणि स्वच्छ षटकोन मिळतो. आणखी कलंडवली की कोपरे आत-बाहेर जायला लागतात, झाली चांदणी. माळ कडेला जवळजवळ समांतर असेल तर लांबच लांब काटे.

तुमची फाक खाली उघडतेय आणि माळा तिरप्या खाली उतरतायत. म्हणजे माळा जवळपास फाकेच्याच दिशेने पळतायत. चांदण्या येणारच.

काळ्या आऱ्यांचं कारण उजेड. बल्ब डावीकडे, फाक खाली. तिची डावी कड उजळ, उजवी कड मंद. फोटोत बघताना हा फरक डोळ्याला जाणवत नाही, पण आरशात मंद कड मंद कडेला चिकटते, उजळ उजळीला, आणि सहा काळे, सहा उजळ आरे उठून दिसतात. फाक उजेडाच्या दिशेने वळवा. मग हाच फरक मधून बाहेर जातो, म्हणजे मध्य थोडा गडद आणि कडा उजळ. ते उलट चांगलं दिसतं.

तुमच्या वर्णनावरून एकाच वळणात दोन्ही कामं व्हावीत. माळा उजवीकडून वरून डावीकडे खाली, बल्ब डावीकडे वर. फाकेचं टोक खाली उजव्या कोपऱ्याजवळ ठेवा आणि ती वर डावीकडे बल्बकडे उघडू दे. माळा तिला आडव्या येतील.

---

प्रभाकाका

कॅलिडोस्कोपचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्ही लहानपणी काचवाल्याकडून आरशाच्या तीन पट्ट्या आणायचो, त्रिकोणी नळी करून वर पुठ्ठा, आत फुटक्या बांगड्यांचे तुकडे. पट्ट्या एकसारख्या रुंदीच्या हव्यात आणि एक टोक ट्रेसिंग पेपरने झाकायचं. मुंजीत मुलांना वाटायला छान होईल. बांगड्या जास्त भरू नका, फिरल्या पाहिजेत.

---

चाफेकळी

काका, मला फोटोचा करायचाय, कॉम्प्युटरवर. पण वाटण्याची कल्पना भारी आहे!

---

काटकोन

काका, तुमच्या तीन पट्ट्यांत गोल मंडला दिसत नाही, सगळीकडे पसरलेली जाळी दिसते, कारण तीन आरसे आपसात खेळतात. गोल हवा तर आरसे दोनच. डेव्हिड ब्रूस्टरने १८१६ मध्ये कॅलिडोस्कोप शोधला तोही दोन आरशांच्या मधल्या कोनावर विचार करूनच. पुढच्याच वर्षी त्याने पेटंट घेतलं.

पण काकांमुळे एक उपयोगी गोष्ट आठवली. चाफेकळी, काचवाल्याकडून दोन पट्ट्या आणाच. मागून चिकटपट्टी लावून पुस्तकासारख्या जोडा. फोटोची प्रिंट टेबलावर ठेवा, नाहीतर फोन सपाट ठेवून त्यावर फोटो उघडा. त्यावर या पट्ट्या ३० अंशांत उघडून उभ्या करा. आत बघितलं की पूर्ण मंडला तयार दिसतो. सरकवत न्या, फिरवत न्या, क्षणात कळतं कुठली फाक चांगली. कॉम्प्युटरवर कापून बघण्यापेक्षा हे कितीतरी वेगाने होतं. साध्या आरशाचा चकाकणारा थर काचेच्या मागे असतो, त्यामुळे सांध्यावर काचेच्या जाडीएवढी फट दिसेल. निवडीपुरतं चालतं.

---

प्रभाकाका

बघा, जुनं ते सोनं. धारेला सँडपेपर मारून घ्या हो, हात कापतात.

---

जुगाडू

पाच पाकळ्या जमल्या. ३६ अंश. कबूल. पण पांढऱ्या रेघांचं कोणी बोललं नाही. त्या माझ्याकडेही येतात. मी फाक ३१ अंशांची कापतो, थोडी एकमेकींवर चढते, रेघ गायब.

---

काटकोन

रेघ जाते, पण ३००० पिक्सेल लांब फाकेच्या बाहेरच्या टोकाला एक अंश म्हणजे पन्नासेक पिक्सेल. वरची फाक खालचीचा तेवढा भाग गिळते आणि कडेवरची फुलं एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक होतात. पडद्यावर तीन फुटांत ते दिसतं.

रेघ का येते? तिरप्या कडेवरचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक असतात. दोन अर्धे एकमेकांवर आले की पूर्ण झाकलं जाईल असं वाटतं, पण वरचा अर्धा झाकतो आणि खालचा उरलेल्या अर्ध्याचा अर्धा. एकूण पाऊण. उरलेल्या पावातून पांढरा कागद डोकावतो. उपाय सोपा आहे. सगळ्या फाका एका लेअरमध्ये एकत्र करा, त्या लेअरची प्रत काढून तिच्याच खाली ठेवा, हवी तर आणखी एक. भोकं बुजतात, आकार हलत नाही.

आणखी एक. फिरवलेली प्रत पुन्हा फिरवू नका, दर वेळी फोटो थोडा मऊ होतो. मूळ जोडीपासून एक प्रत ६० अंश, दुसरी १२० अंश. या तिन्ही एकत्र केल्या की अर्धा गोल झाला. तो १८० अंशांत फिरवायचा, त्यात पिक्सेल जसेच्या तसे राहतात. फिरवण्याआधी Layer to Image Size करून घ्या, म्हणजे फिरण्याचा मध्य कॅनव्हासच्या मध्यावर येतो.

हातानेच करायला हवं असंही नाही. गिम्पमध्ये Filters > Distorts > Kaleidoscope आहे. त्यात फाक फोटोवर आखता येत नाही, आकडे सरकवून शोधावी लागते, म्हणून मला हाताने आवडतं. हा आपापल्या सवयीचा भाग.

---

तळटीप

पायथॉनवाल्यांसाठी. हा कोड उलट्या बाजूने विचार करतो: तयार गोलातला प्रत्येक पिक्सेल विचारतो, मी फाकेतल्या कुठल्या जागेवरून आलो? फाका कापून जोडायच्याच नसल्याने पांढऱ्या रेघेचा प्रश्न येत नाही.

```python
import numpy as np
from PIL import Image

img = np.asarray(Image.open("phule.jpg").convert("RGB"))
cx, cy, R = 3800, 2700, 3000
n, start, S = 6, np.radians(195), 1500

w = np.pi / n
y, x = np.mgrid[0:S, 0:S] - (S - 1) / 2
r = np.hypot(x, y) * 2 * R / S
a = np.arctan2(y, x) % (2 * w)
a = np.minimum(a, 2 * w - a) + start
u = np.clip(np.rint(cx + r * np.cos(a)), 0, img.shape[1] - 1).astype(int)
v = np.clip(np.rint(cy + r * np.sin(a)), 0, img.shape[0] - 1).astype(int)
out = img[v, u]
out[r > R] = 255
Image.fromarray(out).save("mandala.png")
```

`cx, cy` फाकेचं टोक, `R` तिची लांबी, `start` पहिल्या कडेचा कोन, `n` पाकळ्यांची संख्या, `S` तयार चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये. कोन उजवीकडून घड्याळाच्या दिशेने मोजायचा, कारण चित्रात y खाली वाढतो. काटकोन म्हणाले तशी खाली उजवीकडून वर डावीकडे उघडणारी फाक १९५ ते २२५ अंश येते, तेच आकडे घातलेत. आधी `S = 1500` वर बघा, पसंत पडलं की 6000 करा. 6000 ला मेमरी चांगलीच लागते, बाकीचं बंद करून चालवा.

फोनवर उभा काढलेला फोटो असेल तर कोडला तो आडवा दिसू शकतो आणि टोक भलतीकडेच जातं. तो आधी गिम्पमधून उघडून पुन्हा सेव्ह करून घ्या.

---

चाफेकळी

बापरे, एवढं! काकांचे आरसे आणले. प्रिंटवर ठेवल्यावर लगेच दिसलं. खाली उघडल्यावर काटे, बल्बकडे उघडल्यावर कडी. मग कोड चालवला. आरे गेले. माळांची तीन कडी एकात एक आली, आतलं अगदी गोल वाटतंय, बाहेरचं किंचित षटकोनी. मधला चिखल मात्र तसाच.

---

काटकोन

बाहेरच्या माळेचा तिरपेपणा वेगळा असणार, म्हणून ती षटकोनाकडे झुकली. राहू द्या, त्याने जिवंतपणा येतो.

चिखलाचा हिशेब असा. ३० अंशांच्या फाकेची रुंदी त्या जागेच्या टोकापासूनच्या अंतराच्या साधारण निम्मी असते. तुमच्या फोटोत झेंडू किती पिक्सेलचा आहे?

---

चाफेकळी

मोजला. ढिगातला मोठा झेंडू साधारण २५० पिक्सेल.

---

काटकोन

म्हणजे टोकापासून ५०० पिक्सेलच्या आत अख्खा झेंडू फाकेत मावतच नाही. त्याचे तुकडेच येणार आणि त्या तुकड्यांची बारा वेळा गर्दी होणार. तो चिखल. त्यावर उपाय म्हणजे टोक कुठेही न ठेवता एखाद्या मोठ्या झेंडूच्या बरोबर मध्यावर ठेवायचं. झेंडू मुळातच गोल, त्याची एक फाक बारा वेळा लागली की परत झेंडूच होतो, फक्त जास्त नेटका. `cx, cy` ला त्या फुलाच्या मध्याचे आकडे द्या. पाच-दहा पिक्सेल इकडेतिकडे झालं तरी मध्याला बारीक चांदणी दिसते, म्हणून फोटो मोठा करून नीट बघून घ्या.

---

ओंकार_सातारा

चांगला धागा. माझाही प्रश्न. मंडळाच्या कार्यक्रमासाठी गणपतीच्या मूर्तीच्या फोटोचा असाच मंडला केला. आता एक जण म्हणतो, यातले निम्मे गणपती उजव्या सोंडेचे झालेत. खरंच झालेत! स्वस्तिकही निम्मे उलटे. काय करावं?

---

काटकोन

आरसा म्हटला की डावं-उजवं बदलणारच. अक्षरं, सोंड, स्वस्तिक, घड्याळ, काहीही. इथे जुगाडूंची पद्धत बरोबर, आरसा न लावता नुसतं फिरवायचं. पण मग सांधा जुळत नाही, तेव्हा फाकेच्या दोन्ही कडा एकाच रंगाच्या सपाट भागातून गेल्या पाहिजेत. मूर्ती काळ्या कापडापुढे ठेवून फोटो काढा. मूर्ती फाकेच्या पोटात, कडा काळ्यात. तरी खालच्या अर्ध्यातले गणपती उलटे टांगलेले दिसतील, त्याला इलाज नाही.

---

जुगाडू

🙏 शेवटी माझीही पद्धत कामी आली.

---

मीनल_मावशी

गणपती मधे एकच ठेवा सरळ, भोवती फुलांचा मंडला. देवाला कशाला फिरवताय?

---

ओंकार_सातारा

मावशी, मंडळाला बाराच हवेत. बघतो.

---

चाफेकळी

टोक झेंडूच्या मध्यावर ठेवलं. मधे आता मोठा झेंडू, भोवती कडी. आई म्हणाली, फूल मधे चिकटवलंस का? 😀

एक नवीन गोष्ट दिसतेय. ढिगातली काही फुलं फुगीर दिसतात आणि त्यांच्या समोरच्या बाजूची तीच फुलं खळग्यासारखी. डोळे चोळून बघितलं. माझंच काही चुकतंय का?

---

काटकोन

नाही. आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो. फाका फिरल्या की वरच्या बाजूच्या फुलांवर उजेड वरून पडल्यासारखा दिसतो, खालच्या बाजूच्या फुलांवर खालून. खालून उजेड पडलेलं फूल मेंदू खड्डा समजतो. एका बाजूने बल्ब असलेल्या फोटोला हे राहणारच. सावल्या थोड्या उजळल्या तर कमी होतं, पूर्ण जात नाही. ढगाळ दिवसाचा, सावली नसलेला फोटो असता तर हा प्रश्न नव्हता, पण मग माळांची ती चमकही नसती.

---

तळटीप

मला तो खळगा आवडतो, खरं तर. नाहीतर वॉलपेपर दिसतो.

सममिती तपासायची असेल तर: लेअरची प्रत काढा, Flip Horizontally करा आणि लेअर मोड Difference ठेवा. सगळं काळं दिसलं तर जुळलंय. कुठे रंगीत रेघ दिसली तर तिथे सांधा सरकलाय. सहा पाकळ्यांना ही चाचणी आडवी-उभी दोन्ही चालते. पाच पाकळ्यांचा, वरच्या कोडमधून आलेला मंडला मात्र फक्त Flip Vertically ला काळा होतो. जुगाडू, घाबरू नका.

---

जुगाडू

आत्ताच Horizontally करून घाबरलो होतो.

---

चाफेकळी

शेवटचा प्रश्न. प्रिंटवाला म्हणतो तीन फुटांना हा फोटो पुरणार नाही, ४००० पिक्सेलच आहे.

---

काटकोन

त्यांना तयार गोल दाखवा, मूळ फोटो नको. फाकेची लांबी ही गोलाची त्रिज्या होते. ३००० पिक्सेलची फाक म्हणजे ६००० पिक्सेलचा गोल, मूळ फोटोपेक्षा रुंद. तीन फूट म्हणजे ३६ इंच, इंचाला साधारण १६६ पिक्सेल. स्टेजवरच्या पडद्याला १०० सुद्धा चालतात. फक्त PNG पेन ड्राइव्हवर न्या. चॅटवरून पाठवलात तर लहान होऊन पोचेल.

आणि गोलाच्या बाहेर अर्धा इंच पट्टी जास्तीची द्या, कापताना लागते. त्यासाठी `R = 3084` आणि `S = 6168` करा आणि चित्र ३७ इंचांवर छापा, नाहीतर गोल चारही बाजूंना चित्राच्या कडेला टेकतो आणि तिथे पट्टीच उरत नाही. कोडमध्ये `out[r > R] = 255` ही ओळ काढून टाकली की कोपऱ्यांपर्यंत चित्र भरतं. मात्र कोडमधल्या मूळ आकड्यांच्या फाकेला टोकापासून साधारण ३८०० पिक्सेलपर्यंतच फोटो आहे, त्यापलीकडे कडेचे पिक्सेल ओढलेले दिसतील. पट्टीपुरतं भरपूर.

---

चाफेकळी

PNG घेऊन उद्या जाते. सहा पाकळ्या ठेवू की आठ, यावर घरात अजून वाद चालू आहे. आठ केल्या तर फाक साडेबावीस अंशांची होते आणि माळांची कडी आणखी गोल होतात, पण झेंडू फारच बारीक कापले जातात. दादा म्हणतो आठ, मी म्हणते सहा.

---

मीनल_मावशी

ज्याची मुंज आहे त्याला विचारलंस का?

---

चाफेकळी

विचारलं. त्याला पाच हव्यात.